हात कुणाचे, प्रश्न कुणाला?

तासिका संपवून शिक्षककक्षात आलेल्या शिक्षिकेला विचारा, ‘आज वर्ग कसा झाला?’ उत्तर बहुधा येतं, ‘छान झाला. मुलं भरभरून बोलत होती.’ हे उत्तर खोटं नसतं. वर्गात बोलणं झालेलं असतंच. पण ‘मुलं’ या अनेकवचनात नेमकी किती मुलं होती, ती कोणती, त्यांना विचारलेले प्रश्न कोणत्या प्रतीचे होते, हे बाईंना सांगता येत नाही. शिकवणारी व्यक्ती एकाच वेळी आशय, फळा, घड्याळ आणि चाळीस चेहरे सांभाळत असते. तिच्या लक्षात उत्तरं राहतात. ज्यांनी उत्तर दिलंच नाही, त्यांची आठवण राहण्याचं काही कारणच नसतं. वर्गाचं चित्रीकरण करून, नंतर ते थांबवत थांबवत पाहून प्रत्येक मुलाच्या बोलण्याची नोंद करणं हा त्यावरचा उपाय आहे. शिक्षक-प्रशिक्षणात त्याला काय जागा असावी, तो नेमका कसा करावा आणि कुठे फसतो, याचा हा लेखाजोखा.

शंभर वर्षांची मोजणी

वर्गातले प्रश्न मोजण्याची कल्पना व्हिडिओपेक्षा फार जुनी आहे. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधल्या रोमिएट स्टीव्हन्स यांनी लघुलेखकांना वर्गात बसवून शिक्षक आणि विद्यार्थ्यांचं बोलणं शब्दशः उतरवून घेतलं आणि १९१२ साली त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक दिवसाला चारशेच्या घरात प्रश्न विचारतात आणि त्यातले बहुतेक केवळ स्मरणाचे असतात, असं त्यांना आढळलं. इतके प्रश्न म्हणजे चांगलं अध्यापन, हा त्या काळचा समज होता. स्टीव्हन्स यांनी त्याला धक्का दिला. प्रश्नांचा हा भडिमार म्हणजे मुलांना विचार करायला वेळच मिळत नसल्याचा पुरावा, असं त्यांचं म्हणणं.

पुढे १९६०च्या दशकात नेड फ्लँडर्स यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत आली. आपल्याकडे बी.एड. केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे नाव परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. निरीक्षकाने दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहायचा. १ ते ७ हे आकडे शिक्षकाच्या बोलण्याच्या प्रकारांचे, ८ म्हणजे विद्यार्थ्याचा प्रतिसाद, ९ म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःहून बोलणं आणि १० म्हणजे शांतता किंवा गोंधळ. वीस मिनिटांच्या निरीक्षणातून चारशे आकडे मिळतात. त्यांची दहा बाय दहाची सारणी मांडली की शिक्षक किती बोलतो, प्रश्नानंतर बहुधा काय घडतं, हे दिसतं. फ्लँडर्स यांनी पाहिलेल्या वर्गांत साधारण दोनतृतीयांश वेळ कुणीतरी बोलत होतं आणि त्यातला दोनतृतीयांश वेळ शिक्षकच बोलत होते.

ही पद्धत शिस्तीची आहे, पण तिच्यात एक मोठी फट आहे. आठचा आकडा पन्नास वेळा आला, तर पन्नास मुलं एकेकदा बोलली की एकच मुलगा पन्नास वेळा बोलला, हे सारणी सांगू शकत नाही. तिच्या लेखी सगळे विद्यार्थी मिळून एकच माणूस असतो. प्रशिक्षणार्थीच्या पाठाला ‘विद्यार्थी सहभाग उत्तम’ असा शेरा मिळतो, तो याच फटीतून.

व्हिडिओने ही फट बुजवायला सुरुवात केली. रेमंड अ‍ॅडम्स आणि ब्रूस बिडल यांनी वर्गांच्या व्हिडिओटेपचा अभ्यास करून १९७०मध्ये दाखवलं, की शिक्षक-विद्यार्थी संवादाचा मोठा भाग पुढच्या बाकांवर आणि मधल्या रांगेत घडतो. वर्गात कोण बोलतं, याचा संबंध मूल कुठे बसलं आहे याच्याशी होता. अलीकडच्या काळात डॅनियल राइनहोल्झ आणि निरल शाह या दोन अमेरिकी संशोधकांनी ‘इक्विप’ नावाची निरीक्षणपद्धत तयार केली आणि २०१८मध्ये तिच्यावर लेख लिहिला. तिचं वेगळेपण एका गोष्टीत आहे: नोंदीतल्या प्रत्येक ओळीला एका विशिष्ट मुलाची ओळख जोडलेली असते. पुढचं विवेचन मुख्यतः या विचारावर उभं आहे.

कॅमेरा कुठे ठेवायचा?

बहुतेक ठिकाणी पहिली चूक इथेच होते. मोबाइल वर्गाच्या मागच्या भिंतीला लावला जातो, कारण पाहायचे असतात शिक्षक. मग चित्रीकरणात बाई स्वच्छ दिसतात आणि मुलांच्या फक्त पाठी. उत्तर ऐकू येतं, पण दिलं कुणी ते कळत नाही. आपल्याला सहभागाची वाटणी मोजायची असेल, तर मुख्य कॅमेरा फळ्याच्या एका कोपऱ्यात, मुलांकडे तोंड करून, डोक्यांच्या उंचीच्या वर हवा. दुसरा मोबाइल असेल तर तो मागे ठेवून शिक्षक आणि फळा टिपावा. आठवीच्या गणिताच्या वर्गांचा जो मोठा आंतरराष्ट्रीय व्हिडिओ अभ्यास १९९५ आणि १९९९मध्ये झाला, त्यातही पहिल्या फेरीत एकच कॅमेरा होता आणि दुसऱ्या फेरीत मुलांकडे रोखलेला दुसरा कॅमेरा वाढवावा लागला.

आवाजाची अडचण चित्रापेक्षा मोठी असते. पंख्याची घरघर, पत्र्याचं छप्पर, शेजारच्या वर्गातले पाढे यांतून शेवटच्या बाकावरच्या मुलीचं हळू बोलणं पोहोचत नाही. हळू बोलणाऱ्या मुलांची नोंदच गळाली, तर मोजणी त्यांना दुसऱ्यांदा गप्प करते. शिक्षकाच्या गळ्यापाशी छोटा माइक आणि मागच्या बाकांजवळ आवाज टिपणारा एखादा जुना मोबाइल, एवढ्याने बरंच काम भागतं. सुरुवातीला एकदा टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही फिती नंतर जुळवता येतात.

त्याच दिवशीचा बैठकीचा आराखडा कागदावर काढून ठेवावा. मुलांची नावं न लिहिता ‘क-३’, ‘ड-५’ असे संकेत द्यावेत. पालकांची लेखी संमती आधी घ्यावी आणि ज्यांची संमती नाही अशी मुलं कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसतील, पण फळा त्यांना नीट दिसेल, अशी व्यवस्था करावी. फीत कुणाकडे राहणार आणि कधी पुसली जाणार, हेही लिहून द्यावं. पहिलं चित्रीकरण मोजणीत धरू नये. त्या दिवशी मुलं कॅमेऱ्याकडे पाहत असतात आणि शिक्षकही.

एक ओळ म्हणजे काय?

मोजणी सुरू करण्याआधी ‘एक सहभाग’ म्हणजे काय, हे ठरवावं लागतं. हा संवादाचा तुकडा पाहा:

बाई : पावभाग आणि अर्धा, मोठा कोणता?
क-३ : अर्धा, बाई.
बाई : कशावरून?
क-३ : कारण अर्ध्याचे दोन पाव होतात.
बाई : शाब्बास. ड-५, तुला पटतंय का?
ड-५ : हो बाई.

क-३ दोनदा बोलली, पण मध्ये दुसरं मूल आलं नाही. म्हणून तिची एकच ओळ धरायची आणि त्या ओळीत तिने गाठलेली वरची पातळी, म्हणजे कारण सांगणं, नोंदवायची. ड-५ची दुसरी ओळ. प्रत्येक ओळीपुढे चार-पाच रकाने पुरतात: बोललं कोण, संधी कशी मिळाली (हात वर केला, बाईंनी हात नसताना विचारलं, की मूल मध्येच बोललं), प्रश्न कोणत्या जातीचा (‘काय’, ‘कसं’ की ‘का’), उत्तर किती लांब आणि उत्तरानंतर बाईंनी काय केलं. लांबी मोजताना इक्विपमध्ये इंग्रजी शब्दसंख्येचे टप्पे आहेत. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे ते टप्पे जसेच्या तसे उचलू नयेत. ‘एक-दोन शब्द’, ‘एक वाक्य’ आणि ‘त्याहून अधिक’ अशी विभागणी इथे जास्त सोयीची पडते.

ही नोंद साध्या तक्त्यात करता येते. हॉलंडमधल्या माक्स प्लांक संस्थेचं ‘इलॅन’ हे मोफत सॉफ्टवेअरही वापरता येतं. त्यात फितीच्या खाली वेळपट्टी असते आणि हव्या त्या क्षणावर खूण करता येते. वेळ मात्र लागतो. सरावलेल्या माणसालाही पस्तीस मिनिटांच्या तासिकेसाठी तिच्या दुप्पट-तिप्पट वेळ राखून ठेवावा लागतो.

एक तासिका उलगडून

हिशोब कसा उलगडतो ते समजण्यासाठी सातवीची एक नमुना तासिका घेऊ. यातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. वर्गात ४० मुलं, १८ मुली आणि २२ मुलगे. विषय शेकडेवारी. चित्रीकरणातून सगळ्या मुलांच्या सहभागाच्या मिळून ५० ओळी मिळाल्या. पस्तीस मिनिटांत पन्नास ओळी, म्हणजे वर्ग बोलका आहे. फ्लँडर्सच्या सारणीत ही तासिका उठून दिसली असती.

आता पहिली चाळणी लावू. मुलींच्या ओळी १५, मुलग्यांच्या ३५. वर्गात मुली ४५ टक्के आहेत, पण बोलण्यात त्यांचा वाटा ३० टक्के. ३० भागिले ४५ केलं की ०.६७ येतं. वाटा संख्येच्या प्रमाणात असता, तर हे गुणोत्तर १ आलं असतं. मुलग्यांचं गुणोत्तर ७० भागिले ५५, म्हणजे १.२७. इथपर्यंत निष्कर्ष सरळ दिसतो: मुलींना कमी संधी मिळाली.

पण इथे थांबलो तर फसू. एकेका मुलाची बेरीज केली की कळतं, मुलींच्या १५ ओळींपैकी ९ एकाच मुलीच्या आहेत. ती पहिल्या बाकावर बसते आणि तिचा हात सतत वर असतो. तिला वगळलं तर उरलेल्या १७ मुलींच्या वाट्याला ६ ओळी येतात आणि त्याही चौघींच्याच. १३ मुली पूर्ण तासिकेत एकदाही बोलल्या नाहीत. मुलग्यांमध्येही चौघांनी मिळून १९ ओळी घेतल्या, आठ जणांनी १६ आणि १० जण गप्प राहिले. म्हणजे पाच मुलांनी ५० पैकी २८ वेळा तोंड उघडलं आणि २३ मुलांनी एकदाही नाही. गटाची सरासरी सुधारायला त्या एका मुलीला आणखी चार वेळा उभं केलं तरी पुरेल. गुणोत्तर वर जाईल आणि १३ मुली तिथेच राहतील. म्हणून गटाचा आकडा पाहिल्यावर प्रत्येक मुलाचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा या कामातला पहिला नियम.

दुसरी चाळणी प्रश्नांची. पन्नास ओळींपैकी ‘का’ आणि ‘कसं’ या प्रश्नांच्या ओळी ८. त्यातल्या ६ त्याच पाच मुलांच्या. बाकीच्यांना बहुतेक वेळा विचारलं गेलं ते ‘पंचवीस टक्के म्हणजे कितवा भाग?’ अशा धर्तीचं. वर्गात दोन तासिका एकाच वेळी चालल्या होत्या. एकीत पाच मुलं कारणं शोधत होती आणि दुसरीत बाकीची एका शब्दाची उत्तरं देत होती किंवा ऐकत होती.

तिसरी चाळणी संधीची. हात वर नसताना बाईंनी ८ वेळा नाव घेऊन विचारलं. कागदावर ही चांगली खूण वाटते, कारण गप्प मुलांपर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग आहे. पण फीत परत पाहिली की त्यातले ५ प्रश्न खिडकीबाहेर पाहणाऱ्या किंवा शेजाऱ्याशी बोलणाऱ्या मुलांना आहेत. ‘काय रे, मी आत्ता काय म्हटलं?’ हा प्रश्न गणिताचा राहिलेला नाही, तो शिस्तीचा झाला आहे. ज्या वर्गात हात न उचललेल्या मुलाकडे प्रश्न शिक्षा म्हणूनच येतो, तिथे मुलं प्रश्नाला घाबरायला शिकतात. आकडा ८च राहतो, अर्थ बदलतो. हा अर्थ फक्त फितीत सापडतो.

थांबण्याचे सेकंद

मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. मग तोच प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. वाटणीच्या दृष्टीने त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं आहे. शिक्षक ज्यांना हुशार समजत होते त्यांच्यासाठी जास्त थांबत होते आणि ज्यांना कच्चं समजत होते त्यांच्यासाठी कमी. ज्याला विचार करायला जास्त वेळ लागणार, त्यालाच तो कमी मिळत होता.

वेळपट्टीवर हे सहज मोजता येतं. प्रश्नाचं शेवटचं अक्षर संपलं तिथे एक खूण आणि पुढचा शब्द कुणाचाही सुरू झाला तिथे दुसरी. रो यांनी आणखी एक थांबा मोजला होता, मुलाचं उत्तर संपल्यापासून शिक्षकाच्या पुढच्या शब्दापर्यंतचा. आपल्या वर्गांत हा दुसरा थांबा बहुधा नसतोच. उत्तर संपायच्या आत ‘बरोबर, बस’ येतं आणि मूल जे पुढचं वाक्य बोलणार होतं ते गिळतं.

सगळे मिळून ‘हो बाई!’

परदेशी पद्धती आपल्याकडे आणताना सर्वांत मोठी अडचण सामूहिक उत्तराची आहे. ‘शंभराचे पंचवीस टक्के किती?’ म्हणताच वर्ग एका सुरात ‘पंचवीस!’ म्हणतो. प्रत्येक मुलाची वेगळी ओळ लिहायची, तर या उत्तराचं काय करायचं? ते चाळीस मुलांच्या नावावर चढवलं तर २३ गप्प मुलं हिशोबातून नाहीशी होतात. मोजलंच नाही तर वर्गाचा मोठा भाग नोंदीबाहेर राहतो. मार्ग असा, की सामूहिक उत्तरांचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि एकेकट्याच्या ओळींत ती मिसळू नयेत.

मग फितीचा उपयोग करून एक साधी तपासणी करावी. अशा तीन-चार क्षणांवर चित्र थांबवायचं आणि आराखड्यावर ओठ हलताहेत त्या मुलांपुढे खूण करायची. तेच क्षण पुन्हा हळू गतीने पाहिले की कोण आधी बोलतं आणि कोण शेजाऱ्याचा शब्द ऐकून मागून जोडतं, हेही बरंचसं दिसतं. सामूहिक उत्तर वाईट नाही. उजळणीला, संकोची मुलाचा आवाज मोकळा करायला ते उपयोगी आहे. मात्र ते ऐकून वर्गाला समजलं असं मानणं धोक्याचं आहे.

मोजणी कुठे फसते?

पहिला धोका नोंद करणाऱ्याचा. ‘सांग बरं, असं कसं झालं?’ हा प्रश्न एकाला ‘का’चा वाटतो, दुसऱ्याला ‘कसं’चा. म्हणून दोघांनी तेच दहा मिनिटांचं चित्रीकरण स्वतंत्रपणे नोंदवून ताळा घ्यायचा. ताळा ८५ टक्के जुळला की समाधान वाटतं, पण ते फसवं असू शकतं. समजा, दोघांनीही ९० टक्के ओळींना ‘काय’ म्हटलं आहे. मग डोळे मिटून खुणा केल्या तरी ८२ टक्के ओळी योगायोगाने जुळतील. योगायोगापलीकडचं शक्य असलेलं अंतर १८ टक्क्यांचं, त्यातले आपण गाठले फक्त ३. जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये सुचवलेला ‘कप्पा’ हा गुणांक नेमकं हेच मोजतो आणि इथे तो जेमतेम ०.१७ येतो. म्हणजे ‘का’चे विरळ प्रश्न ओळखण्यात दोघांचं एकमत नाहीच. अशा वेळी व्याख्या पुन्हा बसून ठरवायची, उदाहरणं लिहून काढायची आणि पुन्हा नोंदवायचं.

दुसरा धोका एका तासिकेवरून निकाल देण्याचा. पन्नास ओळी ४० मुलांत वाटल्या तर दर मुलामागे सव्वा ओळ येते. एखाद्या दिवशी एखादं मूल बोललं नाही, यात काही विशेष नाही. तेच मूल चार-पाच वेगवेगळ्या तासिकांत, वेगवेगळ्या घटकांवर, गप्प असेल तर मात्र ती बाब शिक्षकाने हातात घ्यायची.

तिसरा धोका गटांच्या नावांचा. मुलगे-मुली ही विभागणी सोपी आहे. पण नंदुरबारच्या शाळेत घरी पावरी बोलणारी मुलं, मेळघाटात कोरकू बोलणारी मुलं किंवा ऊसतोडीच्या हंगामात मध्येच वर्गात आलेली मुलं कितीदा बोलतात, हे पाहणं जास्त गरजेचं असू शकतं. त्यासाठी मुलाच्या संकेतापुढे गटाची खूण करावी लागते. ती फक्त मोजणी करणाऱ्याकडे राहावी, चर्चेत केवळ बेरीज यावी. जातीचा रकाना असलेला कागद वर्गात फिरला, तर मोजणीने होणाऱ्या भल्यापेक्षा नुकसान मोठं होईल.

आणि बोलणं म्हणजे शिकणं नव्हे, हे विसरता येत नाही. गप्प मूल मन लावून शिकत असू शकतं. पण शिक्षकाला त्याच्या विचाराचा पत्ता लागत नाही, हेही तितकंच खरं. मोजणी एवढंच सांगते, की कोणाच्या विचारापर्यंत शिक्षक पोहोचले आणि कोणाच्या नाही.

प्रशिक्षणात याचं काय करायचं?

सूक्ष्म अध्यापनाची सुरुवात १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. आपला पाच-सात मिनिटांचा पाठ स्वतः टेपवर पाहणं हा तिथे त्याचाच भाग होता. आपल्या बी.एड. वर्गांत सूक्ष्म पाठ आले, प्रश्न विचारण्याच्या कौशल्याची पडताळा-सूची आली. पण स्वतःला पाहणं अनेक ठिकाणी गळालं आणि विद्यार्थी म्हणून बसले सहाध्यायी. सहाध्यायी गप्प राहत नाहीत, त्यामुळे वाटणीचा प्रश्न तिथे उभाच राहत नाही. तो खऱ्या वर्गात, आंतरवासितेच्या काळात उभा राहतो. व्हिडिओची खरी जागा तिथे आहे.

क्रम साधा ठेवावा. प्रशिक्षणार्थीने आधी फीत न पाहता आराखड्यावर अंदाज लिहावा: कोण किती वेळा बोललं असेल? मग स्वतः नोंद करावी. अंदाज आणि नोंद शेजारी ठेवली की मार्गदर्शकाला उपदेश करावा लागत नाही. त्यानंतर एकच गोष्ट बदलायची. वरच्या नमुना वर्गात ती अशी असू शकते: ‘का’चा प्रश्न विचारल्यावर हात वर करू न देता तीन सेकंद थांबणं, मग जोडीत अर्धा मिनिट बोलू देणं आणि नंतर गप्प असलेल्यांपैकी एका जोडीला विचारणं. जोडीत बोलून झाल्यामुळे त्या मुलाकडे सांगायला काहीतरी असतं आणि प्रश्न शिक्षा वाटत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा चित्रीकरण करून तोच रकाना पाहायचा. एकूण ओळी कमी झाल्या तरी घाबरू नये. थांबण्याने आणि लांब उत्तरांनी ते होणारच. पाहायचं ते गप्प मुलांची संख्या घटली का आणि ‘का’च्या ओळी पाच मुलांबाहेर गेल्या का.

हे सगळं टिकतं ते एका अटीवर. फीत आणि तक्ता शिक्षकाच्या मालकीचा राहिला पाहिजे. तो वेतनवाढीच्या किंवा शाळातपासणीच्या फाइलला जोडला गेला, तर दुसऱ्याच आठवड्यात हजेरीपटाच्या क्रमाने एकेका शब्दाची उत्तरं घेतली जातील. गुणोत्तर १ येईल आणि कुणीही विचार केलेला नसेल. म्हणून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि अध्यापक महाविद्यालयं यांना विनंती आहे: आंतरवासितेतल्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीला आपल्या किमान दोन पूर्ण तासिका मुलांकडे कॅमेरा ठेवून चित्रित करण्याची आणि त्या स्वतः नोंदवण्याची संधी द्या, त्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवा आणि या कामाला गुण देऊ नका. आणि वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या वाचकांसाठी: कॅमेरा मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. उद्याच्या एका तासिकेत बैठकीचा आराखडा टेबलावर ठेवा आणि बोलणाऱ्या प्रत्येक मुलापुढे एक रेघ ओढा. ज्या चौकटी कोऱ्या राहतील, परवाचे पहिले ‘का’ त्यांच्यासाठी राखून ठेवा.